परीक्षकाला उत्तर: पत्रात समजावायचं की लेखात?

समजा, नियतकालिकाकडे पाठवलेला लेख भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' या कादंबरीवर आहे. दावा असा, की तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकरचा तिरकस, थट्टेखोर सूर हा दुःखापासूनचा बचाव आहे. परीक्षकाचा शेरा येतो: निरीक्षणं चांगली, युक्तिवाद अपुरा.

एक मार्ग म्हणजे संपादकाला पाठवायच्या उत्तराच्या पत्रातच बाजू मांडणं: 'हे लेखात अध्याहृत आहे, धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागात दिसतंच.' पत्र दोन पानांचं होऊन बसतं, लेखाला हात लागत नाही. पण छापून आल्यावर वाचकाच्या हाती फक्त लेख असतो. संपादकालाही एवढंच कळतं, की उत्तर होतं आणि ते लेखात घातलं नाही.

दुसऱ्या मार्गात पत्र आखूड, मेहनत लेखात. मला हाच पटतो, मात्र शेरा नीट वाचायला हवा. अपुरा म्हणजे उदाहरणं कमी असं समजून आणखी चार उतारे घातले, तर लेख नुसता फुगतो. खरी फट वेगळी आहे: सूर बचाव असेल, तर धाकटी बहीण गेल्यावर तो टिकतो की मोडतो? मोडत असेल, तर दाव्याला पुरावा मिळतो. टिकत असेल, तर दावाच बदलावा लागतो. हा परिच्छेद लिहून पत्रात म्हणावं: 'आक्षेप मान्य. मनीच्या मृत्यूच्या भागाचं विवेचन पान ७ वर जोडलं आहे. त्यानुसार प्रस्तावनेतला दावाही नेमका केला आहे.'

सगळंच मान्य करायला नको. इतर कादंबऱ्यांशी तुलना मागितली असेल, तर 'लेख एकाच निवेदकाच्या सुरापुरता आहे' एवढं कारण सभ्यपणे द्यावं. पुरतं.