स्लाइडवरचा खर्च कार्यकारिणीपुढे लेखी मांडताना: दोन रीती

छपराच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करून घ्यायचा आहे आणि हाताशी फक्त स्लाइड आहेत, अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रत्येक स्लाइडखाली चार ओळी जोडून छापायचे. दुसरी म्हणजे स्लाइड बाजूला ठेवून नवे टिपण लिहायचे, ज्याची सुरुवातच मागणीने होईल. खानापूर भागातल्या आमच्या वाचनालयासाठी मी दोन्ही करून पाहिले.

पहिली रीत एका संध्याकाळीच उरकते. सगळ्यांनी सादरीकरण ऐकलेले असेल आणि रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरलेली असेल, तर तेवढे पुरते. आमचे निम्मे सभासद मात्र त्या दिवशी आले नव्हते, ते कागद घरी नेऊन वाचणार होते.

स्लाइडवर तीन कोटेशनांचे खांब होते: 4,20,000, 4,80,000 आणि 5,10,000. मी खाली लिहिले, ‘पहिले सर्वांत कमी’. खांबाची उंची पाहून लिहिलेले ते वाक्य चुकीचे होते. टिपण लिहिताना प्रत्येक दरात काय काय धरले आहे हे सांगणे भाग पडले, म्हणून कोटेशने पुन्हा उघडली. पहिल्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असे होते. 18 टक्के मिळवले की ते 4,95,600 होते. दुसऱ्याच्या 4,80,000 मध्ये कर आणि परांची बांधण्याचा खर्च दोन्ही होते. म्हणजे स्वस्त दुसरेच.

तसेच ‘इतर 10 टक्के’चे. स्लाइडवर ते कुणाला खटकत नाही, पण कागदावर खजिनदार त्याच ओळीवर बोट ठेवतात. आमच्या छपराचे वासे खालून बरे दिसत होते, पण आतून किती कुजलेत हे कौले उतरवल्यावरच कळते. टिपणात तसेच लिहिले: 48,000 फक्त वासे आणि रिपा बदलण्यासाठी, उरल्यास निधीत परत, जास्त लागल्यास पुन्हा कार्यकारिणीपुढे. त्यावर एकही प्रश्न आला नाही.

दुसऱ्या रीतीला मला तीन दिवस लागले, आणि तक्ता तिथेही लागतोच. कोटेशनांची तुलना वाक्यांत कोंबली तर वाचणारा हरवतो, म्हणून ती एका पानाच्या परिशिष्टात द्यावी. वर्तुळाचे रंगीत चित्र मात्र काढून टाकावे, झेरॉक्सवर त्याचे सगळे तुकडे सारखेच करडे दिसतात.

सभेत मंजुरीवर चर्चा होते, इतिवृत्तात मात्र ठराव जातो. त्यामुळे पाच हजारांच्या दिवाबत्तीसाठी पहिली रीत घ्या, पण असा मोठा खर्च असेल तर दुसरीच, आणि ठरावाचा मसुदा टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात ठेवा. आमचा असा होता: ‘मृगाचा पाऊस लागण्याआधी काम पुरे व्हावे म्हणून दुसरे कोटेशन 4,80,000 रुपयांना स्वीकारावे आणि वाशांसाठी कमाल 48,000 राखून ठेवावेत, एकूण 5,28,000.’