स्टील टो आणि कंपोझिट टो : वाळूजच्या मशीन शॉपमध्ये आणि शेंद्र्याच्या स्लॅबवर नऊ महिने

सेफ्टी शूजचे दोन प्रकार, प्रत्येकाच्या दोन जोड्या. एक-एक जोडी वाळूजच्या सीएनसी मशीन शॉपमध्ये बारा तासांच्या शिफ्टला, एक-एक शेंद्र्याकडच्या आरसीसी कामावर. नोव्हेंबरमध्ये पायात घातल्या, जुलैच्या शेवटी हा हिशेब लिहितो आहोत. थंडी, पत्र्याखालचा मे महिना आणि काळ्या मातीचा चिखल, तिन्ही त्यात येऊन गेले.

पहिला प्रकार ९०० रुपयांचा : स्टील टो, म्हणजे बोटांवर स्टीलचं कवच, चामड्याचा वरचा भाग, दुहेरी घनतेचा पीयू सोल. दुसरा २,२०० रुपयांचा : कंपोझिट टो, म्हणजे तेच कवच धातूऐवजी फायबर-प्लास्टिकचं, तळात कापडी पंक्चररोधक थर, वर मऊ पीयू आणि जमिनीला लागणारा थर नायट्राइल रबरचा. दोन्हींवर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ (भाग २) असं छापलेलं. त्यातला 'भाग २' नीट वाचा. भाग ३ मधल्या बुटाचा टो निम्म्या माराला तपासलेला असतो आणि भाग ४ मध्ये टो नसतोच. दुकानात तिन्ही एकाच फळीवर 'सेफ्टी शूज' म्हणून मांडलेले दिसतात.

टोबद्दल सगळे आधी विचारतात, म्हणून तेच आधी. भाग २ च्या टोवर २०० ज्यूलचा मार देऊन तपासणी होते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्यासारखं. मार बसल्यावरही टोच्या आत ठरावीक जागा उरावी लागते, आठ नंबरच्या बुटात १४ मिलिमीटर. शिवाय १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टनाचा दाब सोसावा लागतो. ही अट स्टीलला आणि कंपोझिटला सारखीच आहे, त्यामुळे 'स्टील जास्त मजबूत' या वाक्याला दुकानात फारसा अर्थ नाही. आणि 'स्टीलचा टो वाकला की बोटं कापतो' या भीतीलाही नाही. टो तेवढा वाकेल असा मार टोशिवायच्या पायाचं काय करेल, तेवढाच विचार करा.

फरक आहे तो जाडीचा. कंपोझिट टोला तेवढीच ताकद मिळवायला भिंत जाड लागते, म्हणून बुटाचं नाक फुगीर होतं किंवा आतली जागा कमी होते. आमच्या कंपोझिट जोडीत नाक फुगीर होतं. मशीनवर उभं राहणाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. शिडीच्या पायऱ्यांत आणि गजांच्या जाळीत मात्र तेच नाक अडकत राहिलं. वजनाची जाहिरातही तपासून घ्या. कंपोझिट टोने वाचवलेलं वजन रबरच्या सोलने भरून काढलं. काट्यावर स्टीलची जोडी १,१५० ग्रॅम आणि 'हलकी' कंपोझिटची १,२४० ग्रॅम भरली.

टोचा खरा त्रास पडणाऱ्या वजनाशी नसून बसण्याशी आहे. सळई बांधणारा माणूस दिवसातले पाच-सहा तास उकिडवा असतो. पाय पंज्यावर दुमडला की टोची मागची कड बरोबर अंगठ्याच्या सांध्यावर येते. स्टीलच्या जोडीत ती कड पातळ होती आणि आतून स्पंजाची पट्टी जेमतेम. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही अंगठ्यांवर लाल रेघ उठली, महिन्याभरात तिथे घट्टा पडला. हा दोष उभ्याने पायात घालून बघताना कळतच नाही. म्हणून दुकानात संध्याकाळी जा, पाय सुजलेले असतात तेव्हा. कामावरचेच जाड मोजे घाला, नाडी पूर्ण बांधा आणि दोन मिनिटं उकिडवे बसा. दुकानदार हसला तर हसू द्या. बसल्यावर कड टोचली तर अर्धा नंबर मोठा बघा, आणि तरी टोचली तर तो साचाच तुमच्या पायाचा नाही. उभं असताना सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं हवं. रुंद पंज्याच्या माणसाने नंबर वाढवून रुंदी मिळवायला जाऊ नये, कारण मग टाच आत सरकते आणि फोड तिथे येतात.

आता सोल. पैसे वसूल होतात किंवा बुडतात ते इथेच.

मशीन शॉपची फरशी म्हणजे गुळगुळीत इपॉक्सी, त्यावर कूलंटचा पातळ थर आणि चिप्स. इथे खोल गट्ट्यांचा दणकट दिसणारा सोल उलट घसरतो, कारण जमिनीला टेकणारा भाग कमी भरतो. लागतात ते सपाट, धारदार कडांचे छोटे गट्टू आणि बाजूपर्यंत उघड्या असलेल्या चरा, म्हणजे पाय टेकताच तेल बाहेर दाबलं जातं. चरा मधेच बंद असतील तर तेल खालीच अडकतं आणि पाय त्यावर तरंगतो. पीयूचा सोल पहिले तीन महिने ठीक होता. मग टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यातले गट्टू गोलावले, तिथे ४ मिलिमीटरची खोली दीडवर आली आणि मशीनसमोरच्या वळणावर टाच सटकायला लागली. त्यात स्टीलच्या चिप्स पीयूत रुतून बसतात. त्या टोकदार वस्तूने दर आठवड्याला उपसल्या नाहीत तर तुम्ही धातूच्या ठिपक्यांवर चालत असता. नायट्राइलमध्ये चिप्स रुतल्या, पण कमी, आणि नऊ महिन्यांनंतरही टाचेला ३ मिलिमीटर शिल्लक आहेत. तेलाने दोन्ही सोल फुगले नाहीत.

बुटावरचं एसआरसी हे घसरण्याच्या चाचणीचं चिन्हही समजून घ्या. एसआरए म्हणजे साबणपाणी टाकलेल्या सिरॅमिक टाइलवरची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरॉल टाकलेल्या स्टीलवरची आणि एसआरसी म्हणजे दोन्ही पास. २०२१ च्या आयएसओ २०३४५ मध्ये ही तीन चिन्हं गेली आणि जादा चाचणीसाठी नुसतं एसआर आलं. मशीन शॉपला ही चाचणी बऱ्यापैकी लागू पडते. चिखलाबद्दल ती एक अक्षर सांगत नाही.

आणि शेंद्र्याला जूनमध्ये नेमका चिखलच आला. काळी माती ओली झाली की चिकटते नुसती, सुटत नाही. रबर सोलच्या ज्या बारीक चरांनी कूलंटवर पकड दिली, त्याच चरा वीस-पंचवीस पावलांत भरल्या आणि खाली मातीचा गुळगुळीत गोळा तयार झाला. प्रत्येक बुटाला पाऊण किलो माती, वर पकड शून्य. स्वस्त पीयूच्या सोलला गट्टू मोठे आणि विरळ होते, त्याची माती पाय झटकला की निम्मी तरी पडायची. तिथे ९०० रुपयांचा बूट २,२०० च्या बुटापेक्षा सरस ठरला, हे मान्य करावंच लागेल. मातीच्या साइटसाठी सोल बघताना चरेत करंगळीचं टोक बसतंय का ते पाहा. नसेल बसत तर माती बसेल. दुसरं, टाचेपुढे काटकोनी खाच हवी. शिडीच्या दांड्यावर पाय अडकतो तो तिच्यामुळे. सपाट सोलचे शूज शिडीच्या माणसाला देऊच नयेत.

सेंट्रिंग खोलताना खिळे वर येतात, तिथे टोपेक्षा तळातला थर महत्त्वाचा. तो असेल तर बुटावर एस१पी किंवा एस३ लिहिलेलं असतं. नुसतं एस१ असेल तर तो नाही. आमच्या स्टीलच्या जोडीवर एस१ होतं, म्हणून खोलणीच्या दिवसांत ती बाजूला ठेवली. कापडी थर तळ पूर्ण झाकतो आणि बूट वाकतोही छान, पण जुनी चाचणी ४.५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने व्हायची आणि सेंट्रिंगचे खिळे त्याहून बारीक असतात. बारीक टोक विणीतून वाट काढू शकतं. म्हणून फळ्या खोलण्याच्या कामाला स्टीलची पट्टी असलेला तळ घ्या, किंवा नव्या चिन्हांतला पीएस बघा, त्याची चाचणी ३ मिलिमीटरच्या खिळ्याने होते. स्टील पट्टीचा बूट कडक लागतो आणि पट्टी कडेपर्यंत पोहोचत नाही, ही तिची किंमत.

गरम कामाचं थोडक्यात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा वेल्डिंगखाली पीयू सोल चालत नाही, गरम तुकड्यावर पाय पडला की तो वितळून खळगा पडतो. एचआरओ लिहिलेला रबर सोल ३०० अंशांवर एक मिनिट टिकतो, तोच घ्या. जाळीचा वरचा भाग ठिणगीने जळतो, तो पॅकिंग आणि स्टोअरच्या लोकांसाठी ठीक.

बारा तासांच्या आरामात सर्वांत आधी मरते ती आतली पातळ गादी. दोन्ही प्रकारांत चौथ्या महिन्यापर्यंत टाचेखाली ती कागदासारखी दबली. अंगठ्याने दाबून सोडा, वर येत नसेल तर बदला. दीडशे-दोनशे रुपयांत मिळते आणि संध्याकाळच्या टाचदुखीत लगेच फरक पडतो. मात्र जुनीपेक्षा जाड टाकू नका, पाय वर उचलला जातो आणि टोखालची जागा कमी होते. रात्री गादी बाहेर काढून ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. मे महिन्यात पत्र्यावर वाळत टाकलेल्या जोडीचं चामडं पंज्याच्या घडीवर तडकलं आणि जुलैत तिथूनच पाणी शिरलं. सावलीत वाळवा.

घेताना सोल किंवा जिभेवरची तारीख वाचा. पीयू हवेतल्या ओलाव्याने न वापरताही आतून कुजतो. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला बूट नवा कोरा दिसतो आणि पंधरा दिवसांत त्याच्या सोलचे तुकडे पडतात. सवलतीत मिळणाऱ्या जोडीला दोन्ही हातांनी दुमडा, बाजूने बारीक भेगा दिसल्या तर परत ठेवा.

आणि टोवर जोरदार मार बसला तर ती जोडी बाद. चामडं शाबूत दिसेल, पण स्टील आत दबलेलं असू शकतं आणि कंपोझिट तर तडा जाऊनही आकार परत घेतो. बोट आत घालून टोची मागची कड चाचपा. अस्तर फाटलेलं किंवा कड एका बाजूला खाली लागली तर शंका ठेवू नका. हाताला काहीच लागलं नाही तरी कंपोझिटची जोडी बदलाच, आणि जुनीचा टो कापून मग भंगारात द्या, नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या तरी पायात जाते.