पोलंडमधील पार्सल लॉकरचा कोड मी दुसऱ्याच्या हाती दिला: १,६६०.९९ झ्वॉटींची फसवणूक

मी गेली दोन वर्षे व्रोत्सवाफमध्ये नोकरीनिमित्त राहते. नोव्हेंबर महिन्यात माझे १,६६०.९९ झ्वॉटी गेले. त्यांपैकी १,६४० जुन्या लॅपटॉपचे, १२.९९ पार्सलच्या वाहतुकीचे आणि ८ झ्वॉटी मी स्वतःच्या हाताने त्या भामट्याला दिले. ते आठ झ्वॉटी आठवले की आजही संताप होतो, कारण माझीच वस्तू चोरण्यासाठी त्याने माझ्याकडूनच मोबदला घेतला. हे लिहिताना लाज वाटते आहे. तरीही इथे येणाऱ्या आपल्या लोकांपैकी बहुतेकांना पोलिश येत नाही आणि पार्सल मात्र प्रत्येकाचे येते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावरून मी तो लॅपटॉप घेतला होता. शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, दुपारी २ वाजून १२ मिनिटांनी तो माझ्या घराजवळच्या पार्सल लॉकरमध्ये ठेवला गेला आणि पार्सल कंपनीच्या ॲपवर `Gotowa do odbioru`, म्हणजे ‘उचलण्यासाठी तयार’, असे आले. त्याच वेळी मी कार्यालयाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी वॉर्सॉच्या गाडीत होते आणि रविवारी संध्याकाळी सातपर्यंत परतणार नव्हते. रात्री आठच्या सुमारास ॲप उघडले, तेव्हा पडद्यावर एक मोठा चौकोनी क्यूआर कोड, त्याखाली `Kod odbioru` या शब्दांपुढे सहा अंक, त्याखाली माझा फोन क्रमांक आणि शेवटी ही ओळ होती:

```
Odbierz do: niedz. 16 lis, 14:12
```

‘do’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि ‘od’ म्हणजे ‘पासून’, एवढेही मला तेव्हा खात्रीने ठाऊक नव्हते. ‘niedz.’ म्हणजे रविवार, ‘lis’ म्हणजे नोव्हेंबर. पोलिश महिन्यांची नावे इंग्रजीशी जुळत नाहीत, जुलैचे संक्षिप्त रूप ‘lip’ आहे, त्यामुळे घाईत तिथेही चूक होते. एकूण अर्थ असा, की रविवारी दुपारी २:१२ पर्यंत पार्सल उचला. लॉकरमध्ये ठेवल्याच्या मिनिटापासून ४८ तास मोजले जातात आणि त्यात शनिवार-रविवार वगळला जात नाही, कारण लॉकर रस्त्यावर चोवीस तास चालू असतो. मुदत संपली की पार्सल काढून पाठवणाऱ्याकडे परत जाते. दंड वगैरे काही नसतो.

मला मात्र पार्सल परत जाईल याची भीती वाटली. इथल्या भारतीयांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी त्या पडद्याचे चित्र टाकले आणि मुदत नेमकी कधीपर्यंत आहे आणि ती वाढवता येते का, असे विचारले. मी निष्काळजी नव्हते. चित्र टाकण्यापूर्वी मी सहा अंकी कोडावर आणि फोन क्रमांकावर काळी पट्टी ओढली होती. क्यूआर मात्र तसाच राहिला, कारण तो डोळ्यांना वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते गुपित आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. नंतर मी तोच चौकोन दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने वाचून पाहिला. त्यात माझा फोन क्रमांक आणि तोच सहा अंकी कोड एकामागोमाग साध्या मजकुरात होते. लॉकरच्या यंत्रासमोर एकतर हे दोन्ही आकडे टाकावे लागतात किंवा तो चौकोन धरावा लागतो. ओळखपत्र कोणी विचारत नाही, दार उघडते. म्हणजे मी कुलपावर काळी पट्टी ओढली आणि किल्ली चारशे लोकांसमोर ठेवली.

दहा मिनिटांत एका माणसाचा खाजगी संदेश आला, तोही शुद्ध मराठीत. ‘ताई, काळजी करू नका, मी इथे सहा वर्षे आहे, असली कामे रोजची आहेत,’ असे त्याने लिहिले. रविवार इथे मोजत नाहीत, म्हणून ही मुदत आपोआप सोमवारवर जाते, असे त्याने सांगितले. मला ते पटले आणि का पटले तेही सांगते: पोलंडमध्ये बहुतेक रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात, हे मी दर आठवड्याला पाहत होते. त्याने खोटे सांगितले, पण ते इथल्या खऱ्या आयुष्याशी जुळणारे होते. पुढे तो म्हणाला, ‘मी माझ्याकडून मुदत मंगळवारपर्यंत वाढवून देतो, त्याचे आठ झ्वॉटी लागतील, माझ्या नंबरवर ब्लिकने पाठवा.’ ब्लिक म्हणजे फोन क्रमांकावरून थेट बँक खात्यात पैसे पाठवण्याची इथली सोय. मी पाठवले.

मुदत वाढवणे हे बाहेरचा माणूस ‘त्याच्याकडून’ करूच शकत नाही. ज्याच्या नावावर पार्सल आहे त्याच्या ॲपमधूनच ते होते. माझ्या त्याच पडद्यावर, बोटाने थोडे खाली सरकवले असते तर, `Przedłuż` असे बटण होते. त्याचा अर्थ ‘वाढवा’. मी खाली सरकवले नाही.

आता त्या क्षणाबद्दल सांगते, ज्याचा विचार करून मी अनेक रात्री जागून काढल्या आहेत. शनिवारी दुपारी साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत मी ॲप पुन्हा उघडले. आदल्या रात्रीचे मोठे सहा अंक आणि चौकोन पडद्यावर नव्हते. त्या जागी हिरवी खूण आणि तिच्यापुढे असे लिहिलेले होते:

```
Odebrana  15.11, 07:52
```

आदल्या रात्री ‘Odbierz’ होते, ‘odbioru’ होते, आता ‘Odebrana’ होते. माझ्या डोळ्यांना तिन्ही शब्द एकच वाटले. हिरवी खूण पाहून मी समजले की त्याने सांगितल्याप्रमाणे मुदत वाढली. उलट मी त्याला ‘धन्यवाद दादा’ असे लिहिले. ‘Odbierz’ म्हणजे ‘उचला’ आणि ‘Odebrana’ म्हणजे ‘उचलले गेले’. मधले एक अक्षर आणि शेवट एवढाच फरक, पण त्या फरकात माझा लॅपटॉप गेला होता. शब्द कळला नाही हे मी स्वतःला माफ करू शकते. पण कोड नाहीसा झाला आणि पुढच्या तारखेऐवजी मागच्या वेळेचा आकडा आला, हे समजायला पोलिश लागत नाही. मुदत नेहमी पुढची असते. त्या दिवशी सकाळची ७:५२ ही वेळ मुदत असूच शकत नव्हती. हे मी पाहिले आणि तरी पाहिले नाही.

या चुकीची किंमत लॅपटॉपपुरती राहिली नाही. ज्या संकेतस्थळावरून मी वस्तू घेतली होती, तिथे पार्सल उचलल्यापासून चोवीस तासांत खरेदीदाराने तक्रार केली नाही, तर अडवून ठेवलेले पैसे विक्रेत्याला दिले जातात. शनिवारी साडेबाराला मला कळले असते, तर जवळजवळ वीस तास हातात होते. मला कळले रविवारी संध्याकाळी, लॉकरच्या यंत्रासमोर उभी असताना, जेव्हा यंत्राने कोड नाकारला. तोपर्यंत पैसे जाऊन जवळपास बारा तास झाले होते. विक्रेत्याचा यात काहीच दोष नाही, त्याने वस्तू प्रामाणिकपणे पाठवली होती. त्या ‘दादा’ने तोपर्यंत मला ब्लॉक केले होते आणि तो गटातूनही निघून गेला होता.

त्यानंतर जे झाले त्याला मदत म्हणणे शक्य नाही. पार्सल कंपनीच्या ग्राहक सेवेने तिसऱ्या दिवशी लेखी उत्तर दिले, की पार्सल योग्य कोड वापरून उचलले गेले आहे, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते प्राप्तकर्त्याच्याच हाती पोहोचले आणि तक्रार अमान्य आहे. लॉकरवर कॅमेरा आहे, वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली आहे, तेव्हा ७:५२ चे चित्रण जपून ठेवा एवढीच माझी विनंती होती. ते फक्त पोलिसांना देता येते, असे उत्तर मिळाले. किती दिवस जपले जाते या प्रश्नाला उत्तरच मिळाले नाही. संकेतस्थळाने सांगितले की चोवीस तास उलटले. बँकेने सांगितले की आठ झ्वॉटी मी स्वतः मंजूर करून पाठवले आहेत.

पोलीस ठाण्यात मला आधी सांगण्यात आले की हा ग्राहक आणि पार्सल कंपनीमधला वाद आहे. मग सांगण्यात आले की पोलिश येणारे कोणीतरी घेऊन या. मी नंतर वाचले, की पोलिश न येणाऱ्या व्यक्तीचा जबाब घेताना दुभाषी बोलावण्याची तरतूद इथल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे. ती मला तेव्हा ठाऊक नव्हती आणि समोरच्या अधिकाऱ्याने सांगितली नाही. सहकाऱ्याला घेऊन दुसऱ्यांदा गेले, तेव्हा तक्रार नोंदवली गेली. रक्कम आठशे झ्वॉटींच्या वर आहे, म्हणून साधी चोरी धरली तरी तो गुन्हाच ठरतो, किरकोळ अपराध नव्हे, आणि फसवणुकीला तर रकमेची मर्यादाच नाही. हे सारे सहकाऱ्याने सांगितले, पोलिसांनी नव्हे.

माझा राग याहूनही पुढचा आहे. त्या माणसाचा फोन क्रमांक माझ्याकडे होता. २०१६ पासून पोलंडमध्ये प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्रावर नोंदवल्याशिवाय मिळत नाही. आठ झ्वॉटी त्याच क्रमांकाला जोडलेल्या बँक खात्यात गेले होते, म्हणजे कोणत्या तरी बँकेत त्या खातेदाराचे नाव पडलेले आहे. लॉकरसमोर कॅमेरा आहे. चोराकडे जाणाऱ्या तीन वाटा मी कागदावर लिहून दिल्या. जानेवारीच्या अखेरीस पत्र आले, की गुन्हेगार न सापडल्यामुळे तपास थांबवला आहे. कॅमेऱ्याचे चित्रण मागवले होते का, याचा त्या पत्रात उल्लेखही नाही.

कोणी पडद्याचे चित्र मागितले, तर फक्त मुदतीची एक ओळ कापून पाठवा, कोड आणि चौकोन असलेला भाग कधीच नको. त्या ओळीतले शब्द स्वतः टंकून भाषांतर करून घ्या, पाच-सहा शब्दांचाच प्रश्न असतो. `Zwrot do nadawcy` दिसले तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघाले आहे, त्यात पैसे बुडत नाहीत. मी ज्या गोष्टीला घाबरले, ती घडली असती तर माझे काहीच नुकसान नव्हते. मित्राला पार्सल आणायला सांगायचे असेल, तर ज्याच्या हाती घराची किल्ली द्याल अशाच मित्राला कोड द्या. ‘Odebrana’ दिसले आणि पार्सल तुमच्या हातात नसेल, तर त्याच मिनिटाला, कंपनीशी बोलण्याच्याही आधी, जिथे पैसे भरले तिथे तक्रार टाका. पोलीस ठाण्यात ‘oszustwo’, म्हणजे फसवणूक, हा शब्द वापरा, ‘पार्सल हरवले’ म्हणू नका, नाहीतर ते तुम्हाला कंपनीकडे परत पाठवतील.

तपास थांबवल्याचे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत त्याविरुद्ध लेखी अर्ज करता येतो. त्याला ‘zażalenie’ म्हणतात. तो मी सहाव्या दिवशी दिला आणि त्यात शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून ५२ मिनिटे ही वेळ ठळक अक्षरांत लिहिली. अजून उत्तर आलेले नाही.