संकष्टीच्या रात्रीचा रस्सा: टोमॅटो-हिंगाचा की भाजलेल्या खोबऱ्याचा?

संकष्टीला चंद्रोदय साधारण साडेआठ-नऊच्या आसपास असतो. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडून घरी पोचायला आठ वाजतात. म्हणजे नैवेद्याचं ताट मांडायला हातात जेमतेम तास असतो. वरण-भात आणि मोदक ठरलेले असतात, प्रश्न उरतो तो भाजीचा. कांदा-लसूण नाही आणि दिवसभर साबुदाण्यावर काढलेल्या घरच्यांना चमचमीत काहीतरी हवं असतं. अशा वेळी बटाट्याचा रस्सा दोन पद्धतींनी होतो. एकात टोमॅटो आणि हिंगावर भिस्त असते, दुसऱ्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणावर. मी दोन्ही करते आणि दोन्ही मला आवडतात, पण कधी कोणता करायचा याबाबत माझं मत पक्कं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे दोन्ही रस्से उपवास सोडतानाचे आहेत, उपवासात खायचे नाहीत. एकादशीला आपल्याकडे हळद, मोहरी आणि हिंग चालत नाही. बाजारातल्या बहुतेक हिंगाच्या पुडीत गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे धान्य वर्ज्य असलेल्या दिवशी ती बादच होते. टोमॅटोबद्दल घरोघरी वेगळा नियम असतो. शेजारच्या उत्तर भारतीय घरात नवरात्रात टोमॅटो घालून आलू करतात, आमच्याकडे ते चालणार नाही. कडक उपवासाला तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घातलेली बटाट्याची भाजीच बरी. पुढचं सगळं संकष्टीची रात्र, श्रावणी सोमवारचं संध्याकाळचं जेवण आणि कांदेनवमी उरकल्यावर लागणारा चातुर्मास यांच्यासाठी आहे.

कांदा-लसूण गेल्यावर नेमकं काय जातं

निवड करायची तर हे आधी कळायला हवं. रश्शात कांदा तीन कामं करतो. तो गोडवा देतो, दाटपणा देतो आणि तेलात तांबूस परतल्यावर जो खमंगपणा येतो तोही देतो. लसूण तिखट, उग्र वास देते. हिंगाच्या वासामागेही कांदा-लसणीसारखीच गंधकाची संयुगं असतात, म्हणून गरम तेलात हिंग पडला की कोणीतरी लसणीची फोडणी दिल्यासारखं वाटतं. पण हिंग फक्त तेवढंच काम करतो. दाटपणा टोमॅटो देतो, आंबटपणाही देतो. गोडवा गुळाने भरून निघतो. उरतो तो परतलेल्या कांद्याचा खमंगपणा आणि दोन रश्शांमधला खरा फरक तिथेच आहे. टोमॅटोच्या रश्शात तो टोमॅटो आटवून आटवून मिळवावा लागतो, खोबऱ्याच्या रश्शात तो भाजण्यातूनच येतो.

टोमॅटो-हिंगाचा रस्सा

चार माणसांसाठी चार मध्यम बटाटे आणि चार मध्यम लालबुंद टोमॅटो घ्यावेत. बटाटे आधी कुकरमध्ये उकडून घ्यावेत, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. कच्च्या फोडी थेट टोमॅटोत टाकल्या तर आंबटपणामुळे त्या लवकर शिजत नाहीत. अर्धा तास उकळूनही मधे कडक राहतात आणि पानात वाढल्यावर ते कळतं.

टोमॅटो मिक्सरमधून काढू नये. कच्चा टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवला की त्यात हवा शिरते, फेस येतो आणि रंग गुलाबीसर फिका पडतो. त्याऐवजी टोमॅटो अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासायची. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. चार टोमॅटोंना तीन-चार मिनिटं पुरतात.

कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून अर्धा चमचा मोहरी तडतडू द्यावी, मग अर्धा चमचा जिरं घालावं. आता गॅस बारीक करून पाव चमचा हिंग घालायचा आणि तो फुलून वास सुटला की लगेच, दोन-तीन सेकंदांत, किसलेलं आलं घालायचं. आल्यातल्या ओलाव्याने तेलाचा ताव उतरतो आणि हिंग करपत नाही. मग हळद, टोमॅटोचा गर आणि मीठ. मीठ इथेच घालावं, म्हणजे टोमॅटोला पाणी लवकर सुटतं आणि लवकर आटतं. दीड चमचा धने पूड आणि एक चमचा बेडगी किंवा काश्मिरी तिखट घालून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परतत राहायचं.

घाई होते ती इथेच. गर शिजला की नाही हे कळण्यासाठी कढईच्या तळावरून उलथनं ओढावं. मागे उमटलेली वाट क्षणभर तशीच राहिली, लगेच भरून आली नाही आणि कडेने तेल दिसायला लागलं, तर झालं. तोपर्यंत वाफेला कच्च्या टोमॅटोचा हिरवट वास येत राहतो. त्यावर पाणी ओतलं तर रस्सा पाणचट लागतो आणि नंतर कितीही मसाला घातला तरी सावरत नाही. आटल्यावर एक चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, हाताने कुस्करलेला एखादा बटाटा आणि बाकीच्या फोडी घालाव्यात. मग दोन वाट्या गरम पाणी घालून पाच-सात मिनिटं उकळी.

हिंगाबाबत हात आखडता ठेवावा. जास्त झाला की रश्शाला औषधासारखा वास येतो आणि शेवटी जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. त्यावर गूळ घालून उपयोग नाही, बटाटे आणि पाणी वाढवणं एवढंच हातात राहतं. वर दिलेलं माप पिठाच्या हिंगाचं आहे. खडा हिंग वापरत असाल तर मुगाच्या दाण्याएवढा पुरे. तो चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून टोमॅटोबरोबर घालावा.

भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा

इथे टोमॅटो एकच लागतो, तोही बारीक चिरून. खरी मेहनत वाटणाची. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, एक मोठा चमचा धने, एक चमचा पांढरे तीळ, पाच-सहा मिरी, दोन लवंगा आणि दालचिनीचा छोटा तुकडा. धने आणि खडा मसाला आधी भाजून बाजूला काढावा, मग तीळ आणि सगळ्यात शेवटी खोबरं मंद आचेवर. सगळं एकदम टाकलं तर धने कच्चे राहतात आणि खोबरं करपतं. खोबरं बदामी रंगावर आलं की लगेच ताटलीत काढायचं. कढईत ठेवलं तर गॅस बंद असूनही ते काळपट होत जातं आणि काळं झालेलं खोबरं अख्ख्या रश्शाला कडू करतं. मग थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटावं.

फोडणी वरच्यासारखीच, हिंगासकट. टोमॅटो मऊ झाला की वाटण घालून तेल सुटेपर्यंत चार-पाच मिनिटं परतायचं, मग तिखट, मीठ, गूळ, बटाटे आणि पाणी. या रश्शाला उकळी जोरात आणू नये, वाटण फुटल्यासारखं होऊन तेल एकीकडे आणि चोथा एकीकडे दिसतो. हा रस्सा कांदा-खोबऱ्याच्या नेहमीच्या वाटणाच्या सगळ्यात जवळ जातो. सांगितलं नाही तर कांदा नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

मग कोणता करावा

वेळ कमी असेल तर टोमॅटो-हिंग. कुकर लावल्यापासून अर्ध्या तासात तो तयार होतो. खोबऱ्याच्या रश्शाला पाऊण तास धरावा. मात्र रविवारी खोबरं-धने भाजून कोरडीच पूड करून फ्रीजमध्ये घट्ट डब्यात ठेवली असेल तर ही तफावत जवळजवळ संपते. पूड आठवडाभर चांगली राहते, पाणी घालून वाटलेलं वाटण राहत नाही.

माझ्या दृष्टीने दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. नैवेद्याआधी भाजी चाखता येत नाही. टोमॅटोचा आंबटपणा दर वेळी वेगळा असतो. गोल गावठी टोमॅटो चांगलाच आंबट निघतो, तर लांबट जाड सालीचा हायब्रीड टोमॅटो गराने भरलेला पण फिका असतो. चार टोमॅटोंच्या रश्शात हा फरक थेट पानात उतरतो. सासूबाईंनी यावर साधा मार्ग काढलाय. घरात ज्याचा उपवास नाही त्या मुलाच्या हातावर कच्च्या टोमॅटोची एक फोड ठेवतात आणि विचारतात, "आंबट आहे का रे?" नैवेद्यात पडायच्या आधीची फोड, त्यामुळे कसली अडचण नाही. मुलाचं तोंड वाकडं झालं तर गूळ दुप्पट. घरात असं विचारायला कोणी नसेल आणि टोमॅटो गावठी असतील तर मी सरळ खोबऱ्याच्या रश्शाकडे वळते. त्यात एकच टोमॅटो असल्याने अंदाज फारसा चुकत नाही.

जैन शेजारी जेवायला असतील तर बटाटा आणि ओलं आलं दोन्ही चालणार नाही. बटाट्याऐवजी कच्ची केळी उकडून घ्यावीत आणि आल्याच्या जागी चिमूटभर सुंठ. केळ्याची चव फिकी असते, तिला टोमॅटोचा आंबटपणा जास्त शोभतो, म्हणून तिथे माझं मत टोमॅटो-हिंगालाच.

मसाला कोणताही घ्या, पाकिटामागचे घटक वाचून घ्या. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, त्यावरून कांदा-लसूण नाही असं ठरत नाही. पावभाजी किंवा तयार भाजी मसाल्यात कांदा-लसणीची पूड असू शकते. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटून घेत असाल तर चातुर्मासाचा वेगळा आहे हे आधीच सांगा आणि डंकात आधी कांदा-लसणीचा मसाला कुटला होता का, तेही विचारा.

दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार असेल तर टोमॅटो-हिंगाचा रस्सा जास्त कोरडा आटवून ठेवावा. तो रात्रभर फ्रीजमध्ये मुरतो आणि दुपारी पोळीबरोबर आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागतो. खोबऱ्याचा रस्सा मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर ठेवू नये, उरला तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी गरम करताना अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवरच सैल करून घ्यावा.