चेहरा एका फोटोतून, पोझ दुसऱ्या फोटोतून: वर्कफ्लो विकत घेताना माझी झालेली फसवणूक

कराडजवळ माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या आणि साखरपुड्याच्या ऑर्डरी हेच मुख्य काम. हल्ली मुली मोबाइलवर एखाद्या मॉडेलचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, ‘ताई, मला अशी बसलेली करून द्या, चेहरा माझा ठेवा.’ यासाठी ‘कम्फीयूआय’ या एआयने चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा तयार वर्कफ्लो, म्हणजे सगळ्या पायऱ्या जोडून ठेवलेली फाइल, विकणाऱ्या एका माणसाची जाहिरात मला दिसली. चेहऱ्याचा एकच फोटो द्या, पोझचा एक फोटो द्या, चेहरा शंभर टक्के तोच येईल, धंद्यासाठी वापरायला पूर्ण मोकळीक, किंमत ७,५०० रुपये. मी यूपीआयने पैसे पाठवले. हे तिन्ही दावे खोटे निघाले. अशीच जाहिरात इतर फोटोग्राफरांच्या ग्रुपवरही फिरते आहे, म्हणून नेमकी फसवणूक कुठे होती ते सविस्तर लिहिते.

आधी पद्धत थोडक्यात. पोझच्या फोटोवर ‘डीडब्ल्यूपोझ’ किंवा ‘ओपनपोझ’ चालवलं की काळ्या पाटीवर रंगीत सांगाडा मिळतो. त्यात शरीराचे १८ बिंदू असतात: नाक, मान, आणि दोन्ही बाजूंचे डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कमरेचे सांधे, गुडघे, घोटे. हा सांगाडा ‘कंट्रोलनेट’ला दिला की चित्रातलं माणूस तसं बसतं. चेहऱ्याचं काम वेगळं असतं. ‘इन्स्टंटआयडी’सारखं साधन दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याची ओळख आकड्यांच्या रूपात काढतं आणि चित्र तयार होत असतानाच ती मिसळतं. ऐकायला दोन्ही कामं स्वतंत्र वाटतात. पण डोकं सांगाड्यातही आहे आणि चेहऱ्याच्या फोटोतही आहे. खरी अडचण तिथेच येते, आणि विकणाऱ्याने नेमकं तेच झाकलं होतं.

त्याच्या नमुन्यांच्या व्हिडिओत डावीकडे चेहऱ्याचा फोटो, मध्ये सांगाडा आणि उजवीकडे तयार चित्र असायचं. ज्या फोटोवरून सांगाडा काढला तो मूळ फोटो एकदाही दाखवला नव्हता. मी मागितला तेव्हा ‘कॉपीराइट आहे’ असं उत्तर आलं. मला ते पटलंही, कारण दुसऱ्याचं छायाचित्र उगाच फिरवू नये हे आमच्या धंद्यात सगळेच मानतात.

पैसे दिल्यावर जी फाइल आली तिच्यावर मी पहिल्यांदा एका नवरीचं काम केलं. तिच्या आईची आणि तिची लेखी परवानगी घेतली होती. चेहऱ्याचा फोटो समोरून काढलेला होता, स्टुडिओच्या सपाट उजेडात. पोझच्या फोटोत नऊवारीतली एक उंच, सडपातळ मॉडेल पाटावर बसलेली होती. मान उजवीकडे वळलेली, नजर खाली, एक हात बांगड्यांवर. चित्र आलं तेव्हा नवरीची आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘डोळे-नाक हिचं आहे, पण ही आमची पोरगी नाही.’

त्या माउलीने एका वाक्यात सांगितलं ते मी नंतर मोठं करून तपासलं. डोळे, नाक आणि ओठ नवरीचे होते. जबड्याची रेघ, कपाळावरची केसांची कड आणि कानाची पाळी मात्र तिची नव्हती. नथ अर्धी विरघळली होती, मोती नाकपुडीच्या कातडीत मिसळले होते. चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत आणि मानेवर मात्र दाणेदार पोत. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची असतात: चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर वरून चेहरा चिकटवलेला असतो. वर्कफ्लो उघडून पाहिला तर नोड, म्हणजे एकेक काम करणारे डबे, एका रंगीत चौकटीत दुमडून लपवले होते. ती चौकट उलगडली तेव्हा शेवटी चेहरा बदलणारा `ReActorFaceSwap` निघाला आणि त्यात `inswapper_128.onnx` हे मॉडेल. या नावातला १२८ हा आकडा महत्त्वाचा आहे. हे मॉडेल १२८ बाय १२८ पिक्सेलचा चेहरा तयार करतं, मग दुसरं साधन तो ताणून चकचकीत करतं. एवढ्या लहान चौकोनात नथीचे मोती टिकत नाहीत. शिवाय ते डोळे-नाक-तोंडाचा भाग बदलतं, डोक्याचा आकार जसाच्या तसा सोडतं. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘फेस स्वॅप नाही’.

मग त्याचे नमुने इतके चांगले कसे आले होते? याचं उत्तर त्याच्याच एका फाइलमध्ये सापडलं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून सोबतची माहिती गळून जाते. पण एक नमुना त्याने डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. कम्फीयूआयने जतन केलेल्या पीएनजी फाइलमध्ये संपूर्ण वर्कफ्लो साठवलेला असतो. तीच फाइल कम्फीयूआयच्या खिडकीत ओढून सोडली की तो उघडतो. मी सोडली. मला विकलेल्या वर्कफ्लोशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यात चेहरा बदलणारा नोड नव्हता, त्याऐवजी `LoraLoader` होता आणि त्यात `model1_face_v3.safetensors` नावाची फाइल, जोर ०.९. म्हणजे त्या मुलीचे बरेच फोटो घेऊन तिच्या चेहऱ्यावर वेगळं प्रशिक्षण केलेलं होतं. पोझसाठी घेतलेल्या फोटोचं नाव होतं `model1_sitting.jpg` आणि चेहऱ्याच्या फोटोचं `model1_ref.jpg`. नावांवरून तरी दोन्ही फोटो एकाच मुलीचे दिसतात. मूळ पोझचा फोटो तो का दाखवत नव्हता, ते मला तेव्हा उमगलं.

एकाच व्यक्तीचे दोन फोटो वापरले की काय होतं, हे समजून घेणं गरजेचं आहे. सांगाड्यात फक्त हालचाल नसते, मापंही असतात. खांद्यांची रुंदी, दंडाची लांबी, धड आणि पाय यांचं प्रमाण, डोळे आणि कान यांतलं अंतर हे सगळं पोझ देणाऱ्या व्यक्तीचं येतं. चेहरा आणि सांगाडा एकाच मुलीचा असेल तर मापं आपोआप जुळतात आणि चित्र हुबेहूब वाटतं. माझ्या नवरीचे खांदे भरलेले, मान आखूड. तिला त्या मॉडेलच्या सांगाड्यात बसवलं तर चेहरा कितीही जुळवा, अंग परकंच दिसणार. त्यात त्याच्या वर्कफ्लोमध्ये डीडब्ल्यूपोझच्या नोडवर `detect_face` चालू ठेवलेलं होतं. त्यामुळे १८ बिंदूंशिवाय चेहऱ्यावरचे पांढरे ठिपकेही सांगाड्यात उतरतात, आणि त्यांतून जबडा, भुवया व ओठ यांचा आकार मॉडेलचा येतो. परका जबडा तिथून आला होता. सांगाड्याच्या चित्रात चेहऱ्याच्या जागी ठिपक्यांचा मुखवटा दिसला तर तो पोझ देणाऱ्याचा चेहरा आहे असं समजावं.

मी पुढे हे काम स्वतः बसवलं, म्हणून त्याचा पल्ला किती ते सांगू शकते. `detect_face` बंद, हात चालू. चेहरा चिकटवण्याऐवजी इन्स्टंटआयडी. त्याच्या नोडला `image_kps` नावाची एक जोडणी असते. ती रिकामी सोडली तर डोळे, नाक आणि तोंडाचे कोपरे असे पाच बिंदू चेहऱ्याच्याच फोटोतून घेतले जातात. मग सांगाडा म्हणतो मान वळव, हे पाच बिंदू म्हणतात समोर बघ, आणि मान पिळवटलेली दिसते. म्हणून तिथे पोझचा फोटो जोडायचा. पण या पाच बिंदूंतही दोन डोळ्यांतलं अंतर त्या दुसऱ्या व्यक्तीचं असतं, त्यामुळे चेहरा थोडा अरुंद किंवा रुंद होतोच. कंट्रोलनेटचा जोर ०.७ च्या आसपास ठेवून आणि शेवटच्या काही पायऱ्यांत तो सोडून दिला की हा ताण कमी होतो, संपत नाही. खांद्यांसाठी मी सांगाडाच संपादकात उघडून बिंदू हाताने सरकवते.

दुसरी मर्यादा आकाराची. ८३२ बाय १२१६ पिक्सेलच्या उभ्या चित्रात माणूस पायापासून डोक्यापर्यंत घेतलं तर डोक्याला जेमतेम दीडशे पिक्सेल उंची मिळते. मॉडेल आतमध्ये आठपट लहान जाळीवर काम करतं, म्हणजे ओळख पटवण्यासाठी त्याच्या हातात वीसेक घरांची उंची. एवढ्यात कुणाचाही चेहरा ‘तोच’ होत नाही. चेहऱ्याचा भाग कापून, मोठा करून, त्यावर पुन्हा हलका हात फिरवावा लागतो, साधारण ०.३५ च्या बदलाने. नथ मात्र मी मूळ फोटोतून फोटोशॉपमध्येच बसवते. आणि समोरून काढलेल्या एकाच फोटोवरून पूर्ण बाजूचा चेहरा कुणी बिनचूक देतो म्हणत असेल तर ते खोटं आहे. नाकाची कड बाजूने कशी दिसते, ही माहिती त्या फोटोत नसतेच. मशीन अंदाज बांधतं.

तिसरा दावा परवान्याचा, आणि त्यातलं नुकसान उशिरा कळतं. इन्स्टंटआयडी स्वतः खुल्या परवान्यावर आहे. पण चेहरा ओळखण्यासाठी ते ‘इन्साइटफेस’चं `antelopev2` वापरतं. इन्साइटफेसची तयार मॉडेलं फक्त बिगरव्यावसायिक संशोधनासाठी आहेत, असं त्यांच्याच पानावर लिहिलेलं आहे. `inswapper_128` सुद्धा त्यांचंच. ग्राहकाकडून पैसे घेऊन काम करायचं असेल तर त्यांच्याकडून वेगळा परवाना लागतो. मला ‘कमर्शियल यूज’ असा ठसा मारलेली पीडीएफ मिळाली होती. दुसऱ्याच्या मॉडेलची परवानगी विकायचा या माणसाला काहीच अधिकार नव्हता. हे वाचल्यापासून मी या पद्धतीने पैसे घेऊन काम करणं थांबवलं आहे. नवरीच्या घरी आगाऊ रक्कम परत दिली आणि तिचे फोटो पाटावर बसवून कॅमेऱ्यानेच काढले.

विकणाऱ्याला मी पीएनजीमधून निघालेल्या वर्कफ्लोचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याने आधी ‘तुमचं ग्राफिक कार्ड कमी पडतंय’ असं सांगितलं, मग ब्लॉक केलं. मी १९३० वर फोन करून आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट मागतात. चॅट डिलीट करू नका, ब्लॉक होण्याआधीच एक्सपोर्ट करून ठेवा. पैसे अजून परत आलेले नाहीत.

असा वर्कफ्लो कुणाला घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी दोन फोटो स्वतः द्या: चेहरा एका बुटक्या, भरल्या अंगाच्या व्यक्तीचा, समोरून, पोझ एका उंच व्यक्तीची, मान वळवलेली, पूर्ण उंचीची. स्क्रीन शेअर करून त्याच वेळी चालवायला सांगा, सगळ्या दुमडलेल्या चौकटी उलगडून. आणि तयार झालेली पीएनजी डॉक्युमेंट म्हणून मागा. मला विकणाऱ्याकडे माझ्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरने हे मागितलं, तेव्हा त्याने ऑफर संपल्याचं सांगून फोन ठेवला.