लेओव्हर, स्टॉपओव्हर आणि कोडशेअर : टोरांटोच्या तीन तिकिटांची तुलना

विमानाचे तिकीट पहिल्यांदाच काढणाऱ्याला लेओव्हर, स्टॉपओव्हर आणि कोडशेअर हे तिन्ही शब्द जवळपास एकाच वेळी दिसतात आणि या तीन पर्यायांतून एक निवडायचा आहे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात पहिले दोन शब्द वाटेतल्या विमानतळावर किती वेळ जाणार याविषयी आहेत, तर तिसरा शब्द विमान कोणती कंपनी चालवणार याविषयी आहे. म्हणून एकाच तिकिटात लेओव्हरही असू शकतो आणि कोडशेअरही. मात्र एकच थांबा एकाच वेळी लेओव्हर आणि स्टॉपओव्हर असू शकत नाही.

समजा, एखाद्याला फ्रँकफर्टमार्गे टोरांटोला जायचे आहे. त्याच्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे, पण युरोपातल्या शेंगेन देशांत प्रवेश करण्याचा व्हिसा नाही. त्याच्यासमोर तीन तिकिटे आहेत. पहिल्यात तो सकाळी ६ वाजता फ्रँकफर्टला उतरतो आणि ९.३० वाजता पुढे निघतो. दोन्ही उड्डाणांना लुफ्तान्साचे क्रमांक आहेत, परंतु दुसऱ्या उड्डाणाखाली बारीक अक्षरांत Operated by Air Canada असे लिहिले आहे. दुसऱ्यात उड्डाणे त्याच वेळांची आहेत, फक्त पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे आहे. तिसरे सर्वांत स्वस्त आहे, कारण ती एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे आहेत आणि मध्ये पाच तासांचा अवधी आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात लेओव्हर आणि स्टॉपओव्हर यांच्यातली सीमारेषा साधारणपणे २४ तासांची मानली जाते. पहिल्या तिकिटातला साडेतीन तासांचा थांबा हा लेओव्हर आहे, तर दुसऱ्यातला साडेसत्तावीस तासांचा थांबा हा स्टॉपओव्हर. हा फरक केवळ नावाचा नाही. एकाच तिकिटावरच्या लेओव्हरमध्ये चेक-इन केलेली बॅग बहुधा थेट शेवटच्या ठिकाणी जाते आणि प्रवासी पासपोर्ट तपासणीच्या अलीकडच्या, म्हणजे विमानतळाच्या ट्रान्झिट भागातूनच पुढच्या विमानात बसतो. स्टॉपओव्हरमध्ये मात्र तो मधल्या शहरात उतरला असे धरले जाते. बॅग तिथल्या पट्ट्यावर येते, पासपोर्ट तपासणीतून बाहेर पडावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा प्रवेश व्हिसा लागतो. भाडे आणि कर यांचा हिशेबही काही वेळा बदलतो. आपल्या प्रवाशाकडे शेंगेन व्हिसा नसल्याने दुसरे तिकीट त्याच्या कामाचे नाही. ज्याच्याकडे असा व्हिसा आहे आणि ज्याला मधले शहर पाहायचे आहे, त्याच्यासाठी तेच तिकीट उत्तम ठरू शकते. काही कंपन्या तर स्टॉपओव्हरला वेगळे भाडे लावत नाहीत.

सर्वांत फसवा असतो तो २०-२२ तासांचा थांबा. हिशेबाने तो लेओव्हरच ठरतो, पण त्यात अख्खी रात्र काढावी लागते. बाहेर पडण्याचा व्हिसा नसेल तर ती ट्रान्झिट भागातच काढायची, आणि सगळ्याच विमानतळांवर हा भाग रात्रभर खुला राहत नाही. तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात आणि वेळेपुढे +1 दिसले तर तो पुढचा दिवस असतो, एवढे ध्यानात ठेवून थांबा किती तासांचा आहे हे स्वतः मोजावे.

आता कोडशेअरकडे वळू. पहिल्या तिकिटातले दुसरे विमान एअर कॅनडाचे आहे, कर्मचारीही त्यांचेच आहेत. लुफ्तान्साने त्यातली आसने फक्त आपल्या क्रमांकाने विकली आहेत. म्हणूनच विमानतळावरच्या फलकावर एकाच दरवाजासमोर दोन-तीन उड्डाण क्रमांक आळीपाळीने दिसतात. नवख्या प्रवाशाने याला घाबरण्याचे कारण नाही, परंतु कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचे हे त्याने आधी समजून घ्यावे. तिकिटात बदल करायचा असेल किंवा ते रद्द करायचे असेल, तर ज्याने तिकीट दिले त्याच्याकडे जावे. प्रवासाच्या दिवशी चेक-इन, दरवाजा, विलंब या गोष्टींसाठी विमान चालवणाऱ्या कंपनीकडे जावे. आसन आधी निवडायचे असल्यास आणखी एक अडचण येते : दोन्ही कंपन्यांच्या संगणकांत त्याच तिकिटाचा पीएनआर वेगवेगळा असू शकतो आणि लुफ्तान्साचा पीएनआर एअर कॅनडाच्या संकेतस्थळावर चालेलच असे नाही. एअर कॅनडाचा पीएनआर आधीच विचारून घ्यावा. एवढी गैरसोय धरूनही, पहिल्या प्रवासासाठी कोडशेअर टाळावा असे मला वाटत नाही; उलट त्या दोन कंपन्यांनी एकमेकींच्या प्रवाशांची आणि बॅगांची व्यवस्था ठरवून ठेवलेली असते, हा त्याचा खरा फायदा आहे.

तो फायदा तिसऱ्या तिकिटात नाही. तिथेही मधला अवधी पाचच तासांचा असल्याने विक्री करणारी संकेतस्थळे त्याला बिनदिक्कत लेओव्हर म्हणतात, पण त्या दोन कंपन्यांना एकमेकींचा प्रवासी माहीतच नसतो. पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले, तर एकाच तिकिटावरच्या प्रवाशाला कंपनी पुढच्या उपलब्ध विमानात जागा देते. दोन तिकिटांच्या प्रवाशाला दुसरी कंपनी वेळेवर न आलेला प्रवासी मानते आणि त्याला नवे तिकीट काढावे लागते. त्याहून मोठी अडचण बॅगेची आहे. पहिली कंपनी ती बहुधा फ्रँकफर्टपर्यंतच स्वीकारते, म्हणजे ती पट्ट्यावरून घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यावी लागते, आणि पट्टा पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे असतो. थोडक्यात, थांबा पाच तासांचा असूनही शेंगेन व्हिसा लागतो. तो नसेल तर पहिल्याच विमानतळावर चेक-इन करताना अडवले जाण्याची शक्यता असते. फक्त हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याला हा प्रश्न कमी जाणवेल, पण त्यालाही पुढचा बोर्डिंग पास ट्रान्झिट भागातच मिळेल का, हे आधी पाहावे लागेल.

एकच तिकीट आहे की दोन, हे ओळखण्याची खात्रीची खूण पीएनआर नसून ई-तिकीट क्रमांक आहे. तो १३ अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात, लुफ्तान्साचे 220. दोन्ही उड्डाणांपुढे एकच क्रमांक असेल तर प्रवास एका तिकिटावर आहे. चेक-इनच्या वेळी बॅगेला लावलेली पट्टीही वाचून घ्यावी. तिच्यावर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे, म्हणजे टोरांटोसाठी YYZ, असली पाहिजेत. शेवटचे ठिकाण FRA दिसले तर बॅग फ्रँकफर्टलाच उतरणार आहे. काही देश मात्र या नियमाला अपवाद आहेत. अमेरिकेत विमान बदलायचे असेल तर बॅगेवर पुढचे ठिकाण असले तरी सर्वसाधारणपणे पहिल्याच विमानतळावर पासपोर्ट तपासणी करून, बॅग घेऊन ती पुन्हा द्यावी लागते, आणि तिथून फक्त पुढे जाणाऱ्यालाही व्हिसा किंवा पूर्वपरवानगी लागते.

आपल्या प्रवाशाने पहिले तिकीट घ्यावे. साडेतीन तास पुरेसे आहेत, कारण पहिले विमान तासभर उशिरा आले तरी सुरक्षा तपासणी आणि दरवाजापर्यंतची चाल यांसाठी वेळ उरतो. एका तिकिटावर याहून बराच कमी अवधीही विकला जातो, कारण प्रत्येक विमानतळासाठी ठरलेल्या किमान जोडवेळेत तो बसतो. पण तो विमानतळाची सवय असलेल्यांसाठी ठीक. तिकीट घेण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी पडताळाव्यात : आपल्या पासपोर्टवर फ्रँकफर्टच्या ट्रान्झिट भागासाठी वेगळा व्हिसा लागतो का, कारण काही देशांच्या नागरिकांना तो लागतो आणि कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास सहसा सूट मिळते, आणि तेच उड्डाण एअर कॅनडा स्वतःच्या क्रमांकाने किती भाड्याला विकत आहे, कारण त्याच विमानातल्या तशाच आसनाचे दोन कंपन्यांकडचे भाडे नेहमी सारखे नसते.