ग्रीन टी कपातून की कॅप्सूलमधून? निवडण्याआधी लिव्हरचा हिशोब

वजन कमी करायचं ठरलं की दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, सकाळचा दुधाचा चहा सोड आणि ग्रीन टी पी. जिममधला ट्रेनर म्हणतो, कप कशाला हवेत, एक्स्ट्रॅक्टची कॅप्सूल घे, तिच्यात दहा कपांचं सत्त्व असतं. ट्रेनर फार खोटं बोलत नाही, पण अडचण नेमकी त्या दहा कपांतच आहे.

दोन्हींचं मूळ एकच, चहाच्या झाडाचं पान. या पानातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांमुळे ग्रीन टीला तुरट चव येते. त्यांपैकी सर्वांत जास्त प्रमाणात असतं आणि सर्वांत जास्त अभ्यासलं गेलंय ते ईजीसीजी. फायद्याचे दावे बहुतेक त्याच्याच जोरावर केले जातात आणि लिव्हरला इजा झाल्याचा संशयही त्याच्यावरच आहे. त्यामुळे कप आणि कॅप्सूल यांची तुलना करायची तर पाहायचं ते इतकंच: ईजीसीजी किती, किती वेळात आणि कशाच्या जोडीने पोटात जातं.

आधी कप घेऊ. चमचाभर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पानं, दोनशे मिलि पाणी. पाणी उकळून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, मग पानं टाकून दोन-तीन मिनिटांत गाळून घ्यायचं. (खळखळत्या पाण्यात बॅग टाकून ती दहा मिनिटं तशीच ठेवली, तर मिळतो तो काढा. ‘ग्रीन टी कडू लागतो’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा दोष तिथे असतो.) अशा कपात साधारण ५० ते १०० मिग्रॅ ईजीसीजी उतरतं. पानाच्या जातीप्रमाणे आणि किती वेळ मुरवलं त्याप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो. तीन कप घेतले तरी तीनेकशे मिग्रॅच्या आत राहतो, आणि ते दिवसभरात घोटाघोटाने पोटात जातं. शिवाय कडवटपणाच आपला हात आवरतो. दहा कप रिचवणारा माणूस विरळा.

आता कॅप्सूल. डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साधारण असं लिहिलेलं असतं: ‘ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट ५०० मिग्रॅ, पॉलिफेनॉल्स ९०%, ईजीसीजी ५०%’. मोठ्या अक्षरांतल्या ५०० वर जाऊ नका, तो अर्काचा आकडा आहे. त्याचे ५० टक्के म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २५० मिग्रॅ ईजीसीजी. ‘सकाळ-संध्याकाळ एक’ घेतली की ५००. ट्रेनरच्या सांगण्यावरून दोन-दोन घेतल्या की १०००. वर दिवसातून एकदा फॅट बर्नरचा स्कूप घेत असाल आणि त्यातही ग्रीन टी असेल, तर बेरीज आणखी वाढते आणि ती कोणी करत नाही. काही लेबलांवर फक्त पॉलिफेनॉल्सची, म्हणजे कॅटेचिन ज्या मोठ्या गटात मोडतात त्याची, टक्केवारी असते, ईजीसीजीचा पत्ताच नसतो. अशी डबी दुकानातच परत ठेवावी, कारण तिच्यावरून हिशोब करताच येत नाही.

या हिशोबात ८०० हा आकडा लक्षात ठेवायचा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ग्रीन टीच्या कॅटेचिनांचा सविस्तर आढावा घेतला. सप्लिमेंटमधून रोज ८०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात लिव्हरची एन्झाइम्स, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात उतरणारी द्रव्यं, वाढलेली आढळतात, असं त्यात निघालं. पण ८०० च्या खाली सुरक्षित, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. अमुक मात्रेपर्यंत धोका नाही अशी रेषा हाती असलेल्या माहितीवरून आखता येत नाही, असंच त्यांनी नोंदवलं. उलट, रोज ३७५ मिग्रॅ देणाऱ्या एका विशिष्ट अर्कानंतरही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी होत्या. नेहमीच्या पद्धतीने पाण्यात केलेला ग्रीन टी मात्र त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला: दिवसाच्या मात्रेत ईजीसीजी ८०० मिग्रॅहून कमीच असावं, आणि रिकाम्या पोटी घेऊ नये, गरोदर व स्तनदा महिलांनी आणि अठराखालच्यांनी घेऊ नये, त्याच दिवशी ग्रीन टीचं दुसरं काही घेऊ नये, अशा सूचना लेबलवर छापाव्यात.

‘एन्झाइम्स वाढतात’ म्हणजे किती जणांची? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका चाचणीत मिळतं. रजोनिवृत्ती झालेल्या हजाराहून अधिक महिलांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ८४३ मिग्रॅ ईजीसीजी असलेला अर्क दिला आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूल. अर्क घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच जणींची एन्झाइम्स दखल घ्यावी इतकी वाढली. दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. कॅप्सूल थांबवल्यावर आकडे उतरले, आणि काहींना पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा चढले. संशय पक्का करणारी याहून चांगली खूण मिळणं अवघड. मात्र एन्झाइम्स वाढणं म्हणजे लिव्हर निकामी होणं नव्हे. या बहुतेक महिलांना काही जाणवलंही नव्हतं.

खरी कावीळ होणारे त्याहून कितीतरी कमी, पण ज्यांना होते त्यांचं चित्र बऱ्यापैकी सारखं असतं. औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी जाळ्याने ग्रीन टीशी जोडलेले ४० रुग्ण तपासले. त्यांत चारातल्या तीन महिला होत्या. कॅप्सूल सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण अडीच महिने गेले होते, म्हणजे सुरुवातीचे दोन महिने निर्धास्त वाटण्यासारखेच. आणि यांतल्या जवळपास ७२ टक्के रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार सापडला, जो एरवी तिथल्या दहातल्या एखाद्यातच असतो. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहेच, पण कोणाच्या शरीराला ती मात्रा खुपते हे जन्मतःही ठरलेलं असतं. मग या जनुकीय प्रकाराची तपासणी करून घ्यावी का? माझ्या मते नाही. हा प्रकार असलेल्या बहुसंख्य लोकांना कॅप्सूलने काहीच होत नाही, आणि नसलेल्यांपैकी काहींना होतं.

कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्या, हा सल्ला तर थेट उलटा आहे. उपाशीपोटी घेतलं की रक्तात पोचणारं ईजीसीजी जेवणासोबतच्या तुलनेत कित्येक पटींनी वाढतं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत उपाशी गटातच लिव्हरची गंभीर हानी दिसली. सकाळी उठल्या उठल्या, वर्कआउटच्या आधी, आणि तेही इंटरमिटंट फास्टिंग चालू असताना कॅप्सूल घेणं हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. कपाचं मात्र उलटं आहे. चहातली द्रव्यं डाळी-भाज्यांतलं लोह शोषू देत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी कप जेवणाला जोडून न घेता तास-दीड तासाच्या अंतराने घ्यावा.

एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? ग्रीन टी आणि वजन या विषयावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला. जपानबाहेरच्या सहा अभ्यासांत ग्रीन टीमुळे पडलेला सरासरी फरक होता सुमारे ४० ग्रॅमचा. चाळीस ग्रॅम! आणि त्या अभ्यासांत बहुतेकांना दिलेली तयारी साध्या कपापेक्षा कडक होती. तेव्हा वजनासाठी कॅप्सूल घेण्याचा सौदा मला तरी पटत नाही, धोका कितीही दुर्मीळ असला तरी. कपानेही वजन उतरणार नाही, पण साखर-दुधाच्या तीन चहांची जागा त्याने घेतली तर तेवढ्या कॅलरीज वाचतात. आणि मुळात तो आवडत असेल तर प्यायला कारण लागत नाही.

माचा मध्ये कुठे बसतो? ती पानांची पूड आहे, अर्क नव्हे. पूर्ण पान पोटात जातं म्हणून गाळलेल्या चहापेक्षा मात्रा थोडी जास्त पडते, पण दिवसाला एक-दोन ग्रॅम घेणारा माणूस कपाच्याच गटात मोडतो. ‘डिकॅफ’ अर्कावर मात्र विसंबू नका. त्यातून कॅफिन काढलेलं असतं, ईजीसीजी जागेवरच असतं.

आता हे सगळं वाचूनही कोणाला कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्यावी, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा राहील. कॅप्सूल जेवणासोबतच घ्यावी आणि एका वेळी ग्रीन टीचं एकच उत्पादन चालू ठेवावं. फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस किंवा आधीचा कसलाही लिव्हरचा त्रास असेल, किंवा लिव्हरवर ताण देणारी औषधं, उदाहरणार्थ टीबीचा कोर्स, चालू असेल, तर घेऊच नये. आणि लेबलवर ग्रीन टी लिहिलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. त्याच अमेरिकी जाळ्याने रुग्णांकडची सप्लिमेंट्स प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा ग्रीन टीचा उल्लेख नसलेल्या ७३ पैकी २९ मध्ये कॅटेचिन सापडले.

त्रासाची सुरुवात साधी असते: थकवा, मळमळ, जेवणावरची वासना उडणे, उजव्या बरगडीखाली जडपणा. मग लघवी चहासारखी गडद होते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे पडतात. यांपैकी काहीही दिसलं की कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम आणि कावीळ दाखवणारं बिलिरुबिन तपासायचं. नुसतं एसजीपीटी वाढलं असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांनी पुन्हा तपासतात. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं असेल, तर प्रकरण गंभीर समजावं. औषधांमुळे अशी कावीळ झालेल्यांत दहातल्या एकापर्यंत रुग्णांवर मृत्यूची किंवा लिव्हर बदलण्याची वेळ येऊ शकते. बाकी बहुतेक जण कॅप्सूल सोडल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. बरं वाटलं म्हणून पुन्हा सुरू करून बघू नये, दुसऱ्या वेळी इजा लवकर आणि जास्त होऊ शकते.

आपल्याकडे हे निदान हुकण्याची एक खास जागा आहे. पावसाळ्यात कावीळ म्हटलं की दूषित पाणी, हिपॅटायटिस ए किंवा ई, असं गृहीत धरलं जातं, आणि ते बहुतेकदा बरोबरही असतं. काही घरांत तर आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात आणि त्याचा झाडपाला सुरू होतो, म्हणजे लिव्हरवर दुसरा बोजा. ए आणि ईच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या की डॉक्टर विचारतात, ‘कुठलं औषध चालू आहे?’ आणि रुग्ण प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणतो, कारण ग्रीन टीच्या कॅप्सूलला तो औषध मानतच नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूल, प्रोटीन पावडर, काढा, गुळवेलीच्या गोळ्या, जे काही गेल्या सहा महिन्यांत पोटात गेलं असेल त्या सगळ्याच्या डब्या पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा.